संवत्सरीची रजा



पर्युषण जवळ आले की परदेशी राहणाऱ्या मुलामुलींचे दूरध्वनी या लेखकास येऊ लागतात, आणि त्यांतील निम्म्यांहून अधिक एकाच विषयाचे असतात. संवत्सरीची रजा कशी मागावी? आपल्याकडे हा प्रश्न फारसा उद्भवत नाही. पेढी आपली, कुलूप आपले. त्या दिवशी दुकान उघडावयाचे नाही हे आजोबांनी ठरविलेले असते आणि बाजारातील ग्राहकासही ते ठाऊक असते. नोकरीत असलेला आपला माणूस शेठजींना आदल्या दिवशी तोंडी सांगून मोकळा होतो. परंतु पेढीवर वाढलेली मुलगी जेव्हा न्यू जर्सीतील एखाद्या कचेरीत हिशेब लिहू लागते तेव्हा तिला प्रथमच कळते की, ज्या दिवसापुढे आपल्या घरी सारे व्यवहार थांबतात तो दिवस येथील कॅलेंडरात एक साधा बुधवार आहे.

मी स्वतः आयुष्याची बरीच वर्षे त्याच राज्यातील कंपन्यांच्या मनुष्यबळ विभागांत काढली. रजेचे अर्ज मी मंजूर केले आहेत आणि नाकारलेही आहेत. म्हणून मेजाच्या पलीकडच्या बाजूस काय चालते ते थोडेफार सांगू शकतो. सर्व देशांची कथा येथे एकत्र करण्यापेक्षा अमेरिकेतील एकच प्रसंग, त्यातील तपशिलासह, सांगणे अधिक उपयोगाचे होईल. प्रसंग २०२५ सालचा आहे.

पुण्याच्या भुसार बाजारात ज्यांची पेढी आहे अशा आमच्या एका स्नेह्यांची कन्या न्यू जर्सीत औषधांचे वितरण करणाऱ्या एका कंपनीत हिशेबाचे काम करते. कंपनीत चाळीसेक माणसे आणि तिच्या विभागात तिच्यासह तिघे. वेतन तासावर. कुटुंब मूर्तिपूजक, त्यांची संवत्सरी त्या वर्षी २७ ऑगस्टला, बुधवारी येत होती. मुलीने त्या दिवशी उपवासासह दिवसाचा पौषध करण्याचा संकल्प केला होता. अडचण अशी की सप्टेंबरचा पहिला सोमवार हा तेथे कामगार दिनाच्या सुट्टीचा असतो. जोडून येणाऱ्या त्या सुट्टीपूर्वी महिनाअखेरचे हिशेब बंद करण्याची घाई असते आणि तो बुधवार नेमका त्या घाईत सापडला होता.

तिने जुलैच्या अखेरीस आपल्या वरिष्ठ बाईंना ई-मेल लिहिला. त्यात इतकेच होते, की २७ तारखेस आमच्याकडे एक कौटुंबिक कार्यक्रम आहे, शक्य झाल्यास त्या दिवशी सुट्टी मिळेल का? दुसऱ्याच दिवशी उत्तर आले. महिनाअखेर असल्याने त्या आठवड्यात कोणासही रजा देता येत नाही, क्षमस्व. मुलगी निराश झाली. तिच्या वडिलांचा मला दूरध्वनी आला तेव्हा त्यांचा स्वर रागाचा होता. "आपल्या धर्माला तिकडे काही किंमतच नाही," असे ते म्हणाले.

मी त्यांना म्हटले, शेठजी, धर्माचा प्रश्न तेथे अजून उपस्थितच झालेला नाही. त्या बाईंनी काय नाकारले? एक कौटुंबिक कार्यक्रम. लग्न, मुंज, वाढदिवस, काहीही असू शकेल. तो नाकारण्याचा त्यांना पूर्ण अधिकार होता, आणि उद्या हे प्रकरण कोणापुढे गेले असते तर त्या सहज म्हणू शकल्या असत्या की हे धर्माचरण आहे हे मला कोणी सांगितलेच नाही.

हीच चूक आपल्या मुलांच्या हातून सर्वांत अधिक वेळा होते, आणि तिचे कारण अज्ञान नव्हे, संकोच आहे. ‘संवत्सरी’ हा शब्द लिहिला तर तो समजावून सांगावा लागेल, लोक विचित्र नजरेने पाहतील, असे त्यांना वाटते. म्हणून ती गुळमुळीत लिहितात. परंतु अमेरिकन कायद्याचे सारे बळ त्या एका शब्दावर अवलंबून असते. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचा सातवा भाग पंधरा वा अधिक कर्मचारी असलेल्या मालकांना धर्मावरून भेदभाव करण्यास मनाई करतो. १९७२ साली त्यात दुरुस्ती झाली आणि ‘धर्म’ या शब्दात श्रद्धेबरोबरच धर्माचरणाचाही समावेश झाला. मालकाने त्या आचरणासाठी वाजवी सोय करून द्यावी; तसे करण्याने धंद्यावर अवाजवी भार पडत असेल तरच त्याची सुटका. पंधराहून कमी माणसे असलेल्या दुकानास हा केंद्रीय कायदा लागत नाही, पण राज्यांचे आपले कायदे असतात, आणि न्यू जर्सीचा कायदा मालक लहान की मोठा हे पाहत नाही. कॅलिफोर्नियात ही मर्यादा पाच कर्मचाऱ्यांची आहे. हे संरक्षण नागरिकांपुरतेच नाही. कामाच्या व्हिसावर असलेल्या आपल्या मुलांसही ते आहे.

आता ‘अवाजवी भार’ म्हणजे किती? येथे एक जुना आणि एक नवा निवाडा लक्षात घ्यावा लागतो, कारण अनेक मनुष्यबळ अधिकारी आजही जुन्याच्याच आठवणीवर चालतात. १९७७ साली हार्डिसन नावाच्या एका विमान कंपनीतील कर्मचाऱ्याचे प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. त्याचा पंथ शनिवारी काम करू नये असे सांगणारा होता. न्यायालयाच्या निवाड्यात असे एक वाक्य आले की, मालकास किरकोळ खर्चाहून अधिक झळ सोसावी लागत असेल तर तो अवाजवी भार होय. पुढील सेहेचाळीस वर्षे मालकांनी या वाक्याचा मनसोक्त उपयोग केला. थोडी गैरसोय दाखविली की पुरे होत असे. मी नोकरीत होतो तेव्हा आमच्या वकिलाचा सल्लाही हाच असे, आणि तो आम्ही पाळत असू, हे कबूल केले पाहिजे.

मग २९ जून २०२३ रोजी ग्रोफ नावाच्या पेन्सिल्व्हेनियातील टपाल कर्मचाऱ्याच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने एकमताने निकष कडक केला. रविवारी काम न करण्याची त्याची मागणी होती. न्यायालयाने म्हटले की मालकाने, आपल्या विशिष्ट धंद्याच्या दृष्टीने पाहता खर्चात भरीव वाढ होईल, हे दाखविले पाहिजे. सहकाऱ्यांना त्या धर्माचे वावडे आहे किंवा धर्मासाठी सवलत देणेच त्यांना रुचत नाही, हा भार मोजण्याचा आधार होऊ शकत नाही. शिवाय एक मार्ग कठीण आहे एवढे म्हणून मालकास थांबता येत नाही. स्वेच्छेने पाळ्यांची अदलाबदल करण्यासारखे दुसरे मार्गही त्याने पाहिले पाहिजेत. व्यापारी वाचकांना यातील मर्म लगेच उमजेल. चाळीस माणसांच्या कंपनीत तिघांच्या विभागातील एक माणूस एक दिवस नाही, आणि एकट्या माणसाच्या दुकानातील एकमेव नोकर एक दिवस नाही, या दोहोंचा भार एक नाही. धंद्याचे आकारमान आणि त्या दिवसाचे काम पाहूनच हिशेब मांडावा लागतो.

वडिलांनी दरम्यान एक दुसरा उपाय सुचविला होता, आणि तो बहुतेक घरांत सुचविला जातो. "त्या दिवशी सकाळी ताप आला म्हणून कळव, आणि जा देरासरात." मुलीने मला विचारले, "काका, तसे केले तर?" मी तिला माझ्या विभागातील एक घटना सांगितली. एका तरुणाने सणासाठी आजारपणाची रजा घेतली आणि संध्याकाळी त्याच्याच मित्रांनी समारंभाची छायाचित्रे सर्वत्र पसरविली. त्याची नोकरी गेली ती सणामुळे नव्हे, खोटे कारण दिल्यामुळे. आणि म्हणूनच धर्माचा कायदा त्याच्या मदतीस येऊ शकला नाही. ज्या कारणाला कायद्याचे पाठबळ होते ते त्याने स्वतःच झाकून ठेवले होते. खोटे बोलून पौषध घेण्यातील विसंगती तर मुलीस मला सांगावी लागली नाही. ती तिनेच वडिलांना सांगितली, आणि पलीकडे बराच वेळ शांतता होती असे ती म्हणाली.

मग तिने दुसरे पत्र लिहिले. ते वरिष्ठ बाईंना आणि मनुष्यबळ विभागास एकाच वेळी पाठविले. माझ्या मते ते पत्र आदर्श होते, म्हणून त्याचा मराठी आशय येथे देतो:

‘२७ ऑगस्टच्या रजेबाबत मी पूर्वी लिहिले होते, त्या वेळी कारण पुरेसे स्पष्ट केले नाही, याबद्दल दिलगीर आहे. मी जैन धर्माची आहे. त्या दिवशी आमची संवत्सरी आहे. तो आमच्या वर्षातील सर्वांत महत्त्वाचा धार्मिक दिवस असून त्या दिवशी मी उपवास आणि एक व्रत करते. त्या व्रतात सूर्योदयापासून सायंकाळच्या प्रतिक्रमणापर्यंत अर्थार्जनाचे कोणतेही काम करता येत नाही. धार्मिक कारणासाठी मला या एका पूर्ण दिवसाची सोय हवी आहे. माझ्याकडील रजा शिल्लक नाही. त्या दिवसाचे आठ तास त्याच आठवड्यात भरून देण्याची माझी तयारी आहे. तसे शक्य नसल्यास बिनपगारी रजाही चालेल. बुधवारी जाणाऱ्या दोन अहवालांपैकी एक मी मंगळवारीच पूर्ण करीन. दुसऱ्यासाठी विभागातील सहकारी तयार आहेत. त्याबदल्यात शुक्रवारी दुपारचे त्यांचे काम मी करीन. यात काही अडचण असल्यास कृपया भेटून बोलावे.’

या पत्रात दयेची याचना नाही आणि कायद्याची धमकीही नाही. कलमांचे क्रमांक पहिल्याच पत्रात घातले की समोरचा माणूस वकिलाकडे जातो आणि मग साध्या गोष्टीस तीन आठवडे लागतात. ‘धार्मिक कारणासाठी सोय’ हे शब्द मात्र स्पष्ट आहेत. मनुष्यबळ विभागातील कोणासही त्यांचा अर्थ कळतो.

पत्रातील ‘त्याच आठवड्यात’ हे शब्द सहज वाचून पुढे जाण्यासारखे नाहीत. तासावर वेतन घेणाऱ्या माणसाचे एका आठवड्यात चाळीस तासांहून अधिक काम झाले, तर केंद्रीय नियमाप्रमाणे वरच्या तासांना दीडपट वेतन द्यावे लागते. बुधवारचे तास तिने पुढच्या आठवड्यात भरले असते तर तो आठवडा अठ्ठेचाळीस तासांचा झाला असता आणि कंपनीस आठ तासांसाठी बारा तासांचे वेतन पडले असते. त्याच आठवड्यात भरले तर एकूण चाळीसच होतात. कंपनीस एक छदामही जास्त पडत नाही. जो खर्च मालक पुढे करू शकला असता तो तिने आधीच पुसून टाकला होता. मात्र कॅलिफोर्नियासारख्या राज्यात दिवसाच्या आठ तासांवरील कामासही जादा दर लागतो. तेथील मुलांनी हीच युक्ती डोळे मिटून वापरू नये.

तास भरण्याचे वेळापत्रक ठरविताना मात्र आपल्या आचाराचीच अडचण उभी राहिली. तिला सूर्यास्तानंतर आहार वर्ज्य. ऑगस्टच्या अखेरीस तेथे सूर्यास्त सुमारे साडेसातला होतो. संध्याकाळी दोन तास अधिक थांबले तर घरी पोहोचून जेवण्यास वेळ उरत नाही. म्हणून सकाळी नऊऐवजी सातला येण्याचे ठरले. परंतु गुरुवारी पारणे. सूर्योदय साडेसहाच्या आसपास, आणि नवकारशीसाठी त्यावर अठ्ठेचाळीस मिनिटे. म्हणजे त्या दिवशी सातला मेजावर बसणे शक्य नव्हते. अखेर सोमवार, मंगळवार आणि शुक्रवार सकाळी दोन दोन तास, आणि उरलेले दोन शनिवारी. हे सारे तिने कागदावर मांडूनच मग पत्र पाठविले. माझ्या अनुभवात अर्ज फिसकटतो तो बहुधा अशा ठिकाणी. माणूस उत्साहात ‘कधीही भरून देईन’ असे लिहितो आणि मग दिलेली वेळ पाळता येत नाही.

तीन दिवसांनी मनुष्यबळ विभागाने तिला बोलावले. तेथे दोन मुद्दे निघाले, आणि दोन्ही शिकण्यासारखे आहेत.

पहिला असा. गोदामात आणखी एक जैन तरुण काम करतो, त्याने २७ तारखेस रजा मागितलेली नाही. मग हा दिवस खरोखर आवश्यक आहे का? प्रश्न कुत्सित नव्हता, प्रामाणिक होता. उत्तरही सोपे होते. तो तरुण दिगंबर. त्याचे दशलक्षण पर्व २८ ऑगस्टपासून अनंत चतुर्दशीपर्यंत, म्हणजे ६ सप्टेंबरपर्यंत होते. त्याला बुधवारी रजा नको असणे स्वाभाविकच होते. पण समजा तो तिच्याच पंथाचा असता आणि तरीही कामावर आला असता, तरी तिच्या मागणीस बाध येत नाही. कायदा पाहतो तो मागणाऱ्याच्या श्रद्धेचा प्रामाणिकपणा. त्या धर्मातील इतर सर्व जण तसेच वागतात की नाही, हे नव्हे. मागील वर्षी तिने संवत्सरीस काम केले होते का, असेही कोणी विचारू शकते. २०२४ साली ती ७ सप्टेंबरला, शनिवारी आली होती, त्यामुळे तिच्यापुढे प्रश्नच आला नव्हता. पण एखाद्याने पूर्वी काम केले असले तरी तेवढ्यावरून आजची श्रद्धा खोटी ठरत नाही, अशीच तेथील समान रोजगार संधी आयोगाची भूमिका आहे. माणूस वयाने आणि समजेने धर्माकडे वळतोच. जैन केंद्राचे पत्र पहिल्याच अर्जास जोडण्याची गरज नसते. मालकास खरोखर शंका असेल तर तो माहिती विचारू शकतो, आणि तेव्हा ते उपयोगी पडते.

दुसरा मुद्दा अधिक नाजूक होता. कंपनीने सुचविले की तिने सकाळी काम करावे आणि दुपारी एक वाजता जावे. सांवत्सरिक प्रतिक्रमण तर चारच्या सुमारास सुरू होते ना? येथे १९८६ चा फिलब्रुक निवाडा आठवावा. कनेक्टिकटमधील एका शिक्षकास त्याच्या पंथाच्या दिवसांसाठी वर्षातून सहाएक दिवस हवे असत. न्यायालयाने सांगितले की मालकाने वाजवी अशी कोणतीही एक सोय दिली की त्याचे कर्तव्य संपते. कर्मचाऱ्यास जी अधिक आवडते तीच द्यावी असे बंधन नाही. म्हणून आपल्या मनाशी एक भेद अगोदर स्पष्ट हवा, की माझ्या आचरणास काय लागते आणि मला काय आवडले असते. जिला केवळ प्रतिक्रमण करावयाचे आहे तिच्यासाठी एक वाजताची सुट्टी ही वाजवी सोय ठरू शकते, आणि ती नाकारून पूर्ण दिवसाचा हट्ट धरला तर कायदा तिच्या बाजूने राहीलच असे नाही. आमच्या मुलीचा पौषध होता. सकाळी चार तास बिले तपासली तर ते व्रतच होत नाही. अर्ध्या दिवसाने संघर्ष अर्धा उरत नाही, पूर्ण उरतो. तिने हे शांतपणे सांगितले, आणि पत्रात ‘सूर्योदयापासून’ हा शब्द आधीच असल्यामुळे ही सबब मागाहून काढलेली वाटली नाही.

बिनपगारी रजेचा पर्याय कंपनीने स्वीकारला असता तर? अनेक मुलांना येथे व्हिसाची भीती वाटते. एच-१बी व्हिसावरील माणसास काम नाही म्हणून मालक बिनपगारी बसवून ठेवू शकत नाही, हे खरे. पण कर्मचाऱ्याने स्वतःच्या कारणासाठी स्वेच्छेने रजा मागितली असेल तर त्या दिवसाचे वेतन न देण्यास तो नियम आड येत नाही. अट इतकीच की मागणी कर्मचाऱ्याची होती हे कागदावर दिसले पाहिजे. म्हणजे तो अर्ज मुलीच्या जितका कामाचा तितकाच मालकाच्याही. फिलब्रुक प्रकरणात न्यायालयाने हेही म्हटले होते की बिनपगारी रजा ही सामान्यतः वाजवी सोय आहे; मात्र इतर सर्व कारणांसाठी पगारी रजा देऊन केवळ धर्मासाठी ती नाकारली जात असेल, तर ते वाजवी नव्हे. आपल्या कंपनीची रजेची नियमपुस्तिका या दृष्टीने एकदा वाचावी. पुष्कळ ठिकाणी वर्षाकाठी एकदोन ऐच्छिक सुट्ट्या असतात आणि त्यांचा उपयोग कोणीच करीत नाही.

येथे एक स्पष्टीकरण आवश्यक आहे. हा हक्क म्हणजे हुकमाचा एक्का नव्हे. तिच्या विभागात ती एकटीच असती, बुधवारी वेतनपत्रके गेली नाहीत तर चाळीस जणांचे पगार थांबले असते, आणि ते काम दुसऱ्या कोणास येतच नसते, तर कंपनीचा नकार कदाचित टिकला असता. कर्मचारी संघाच्या करारातील ज्येष्ठतेचा क्रम मोडूनही मालकाने सोय द्यावी असे कायदा म्हणत नाही. नकार आलाच तर प्रथम त्याचे कारण लेखी मागावे. ‘धोरण नाही’ एवढेच उत्तर असेल तर ते कारण नव्हे. कोणता खर्च, किती, आणि कोणते पर्याय पाहिले, हे विचारावे. तरीही मार्ग न निघाल्यास आयोगाकडे तक्रार करता येते. तिची मुदत घटनेपासून एकशे ऐंशी दिवसांची, आणि जेथे राज्याची अशीच यंत्रणा आहे तेथे तीनशे दिवसांची असते. न्यू जर्सीत ती आहे. मात्र वकिलाचा सल्ला त्यापूर्वीच घ्यावा. इतक्या थरास गेलेली प्रकरणे माझ्या पाहण्यात अगदी थोडी आहेत. बहुतेक गोष्टी दुसऱ्या पत्रावर मिटतात, कारण पहिले पत्र बहुधा पत्र नसतेच.

ज्यांची मुले इंग्लंडात आहेत त्यांनी हे सारे तसेच्या तसे तेथे लावू नये. तेथे धार्मिक रजेचा स्वतंत्र हक्क नाही. २०१० च्या समानता कायद्याखाली, मालकाचा नकार एखाद्या धर्माच्या लोकांना अकारण तोट्यात टाकतो का, असा प्रश्न तपासला जातो. पण तेथे प्रत्येकास पगारी वार्षिक रजा असते, आणि करारात वेगळे काही नसेल तर जितक्या दिवसांची रजा हवी त्याच्या दुप्पट काळ आधी सूचना द्यावी असा नियम आहे. एका दिवसासाठी दोन दिवस पुरतात, तरी पंचांग हाती येताच कळविणे बरे.

पंचांगाचा उल्लेख आला म्हणून सांगतो. परदेशी अधिकाऱ्यांचा सर्वांत मोठा गोंधळ तिथीचा होतो. २०२३ साली संवत्सरी १९ सप्टेंबरला, पुढील वर्षी ७ सप्टेंबरला, त्याच्या पुढे २७ ऑगस्टला. त्यांना वाटते की हा सण कर्मचारी आपल्या सोयीने हलवितो! एका ओळीत सांगावे की आमचे महिने चंद्रावर चालतात आणि ईस्टरप्रमाणे आमचीही तारीख दर वर्षी बदलते. ईस्टरचे उदाहरण दिले की मान डोलते. स्थानकवासी आणि मूर्तिपूजक यांच्या तिथीत कधी एका दिवसाचा फरक पडतो, तोही आपल्या संघाच्या पंचांगात पाहून एकदाच नक्की करावा. २७ मागून मग २८ मागणाऱ्याच्या अर्जाचे काय होते हे मी मेजाच्या पलीकडून पाहिले आहे.

मुलीस रजा मिळाली. मंगळवारी तिने एक अहवाल पूर्ण केला, दुसरा सहकाऱ्याने बुधवारी पाठविला, आणि शुक्रवारी दुपारी तो सहकारी मुलाबाळांसह समुद्रकिनाऱ्याच्या वाटेस लागला तेव्हा त्याच्या टेबलावरची बिले ती तपासत बसली होती. बुधवारी जैन केंद्रात तिने बारसासूत्राचे वाचन ऐकले, संध्याकाळी प्रतिक्रमण केले आणि रात्री पुण्यास दूरध्वनी करून आईवडिलांना मिच्छामि दुक्कडम् म्हटले. तिकडे गुरुवारची सकाळ झाली होती. वडिलांनी तापाचा सल्ला दिल्याबद्दल तिच्याकडे उलट मिच्छामि दुक्कडम् मागितले, हे तिने मला हसत सांगितले.

पारणे करून ती गुरुवारी नऊ वाजता कचेरीत आली तेव्हा वरिष्ठ बाईंचा ई-मेल आलेला होता. दिवस कसा गेला, असे त्यांनी विचारले होते, आणि खाली लिहिले होते की पुढच्या वर्षीची तारीख ठाऊक असेल तर आताच कळव, म्हणजे महिनाअखेरचे काम त्याप्रमाणे लावता येईल. तिने उत्तर दिले की आमच्या संघाचे पंचांग निघताच कळविते.

— आपला स्तंभलेखक